भेटीची वेळ बदलली, तेव्हा वॉर्ड स्टाफला पाठवलेला मेल

६ ऑक्टोबरचा सोमवार. पुरुषांच्या मेडिकल वॉर्डातल्या १४ नंबरच्या खाटेवरच्या काकांना पावणेसातला जेवणाआधीचं रेग्युलर इन्सुलिन दिलं होतं. सव्वासातला जेवणाचा ट्रे आला, तो काकांनी बाजूच्या लॉकरवर ठेवून दिला. घरून डबा येत होता. डबा घेऊन निघालेला मुलगा कासारवडवलीहून कापूरबावडीपर्यंत आला आणि तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडकला. ट्रे भरलेलाच आहे, हे कोणाला दिसलं नाही, कारण ७ ला संपणारी भेटीची वेळ त्या दिवशीही सव्वासात उलटून गेली तरी संपली नव्हती आणि प्रत्येक खाटेभोवती तीन-तीन माणसं उभी होती.

पावणेआठला मावशी लादी पुसायला आल्या आणि त्यांनी सिस्टरना हाक मारली, "काका घामाने भिजलेत, आणि काहीतरीच बोलतायत." शुगर निघाली ५४. काका शुद्धीत होते, गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून पाजलं. १५ मिनिटांनी पुन्हा तपासली तर ८२. मग जेवण दिलं. काका बरे झाले, चार दिवसांनी घरी गेले. पण इन्सिडंट फॉर्म माझ्या टेबलावर आला.

मी ठाण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात नर्सिंग ऑफिसला आहे. त्याआधी एकोणीस वर्षं वॉर्डात ड्युटी केली. तरीही खरं सांगायचं तर फॉर्म वाचताना माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो "ड्युटीवर कोण होतं?" हाच. पुढे महिनाभर जे झालं ते लिहून ठेवतेय, कारण भेटीच्या वेळा बदलायचं काम कधी ना कधी प्रत्येक रुग्णालयात कोणाच्या तरी गळ्यात पडतं आणि त्याचा मेल कसा लिहायचा हे कोणी शिकवत नाही.

७, ८ आणि ९ तारखेला मी संध्याकाळी पावणेसहा ते साडेसात वॉर्डात एका कोपऱ्यात वही घेऊन बसले. आमच्याकडे सहा तासांनी द्यायची आणि बारा तासांनी द्यायची अशी दोन्ही औषधं संध्याकाळी ६ ला एकत्र येतात, त्यामुळे दिवसातली ही ट्रॉली सगळ्यात जड. पहिल्या संध्याकाळी ट्रॉली फिरत होती त्या चाळीस मिनिटांत सिस्टरला चौदा वेळा कोणीतरी थांबवलं. "सिस्टर, सलाईन संपत आलंय." "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" "सिस्टर, बाबांना ताक चालेल का?" एकही प्रश्न चुकीचा नव्हता, आणि कोणी उर्मटपणेही विचारला नव्हता. पण प्रत्येक वेळी सिस्टर हातातली पट्टी खाली ठेवायची, उत्तर द्यायची, पट्टी पुन्हा उचलायची आणि चार्टवर बोट ठेवून आपण कुठे होतो ते शोधायची. एकदा तिने उचललेली पट्टी शेजारच्या पेशंटची होती. तिच्या लक्षात आलं, तिने बदलली. माझ्या वहीत त्या ओळीखाली दोन रेघा आहेत.

तेव्हा उमगलं की ही सिस्टरची चूक नव्हती. ४ ते ७ ही भेटीची वेळ फार जुनी. ती ठरली तेव्हा संध्याकाळची औषधं कमी असावीत, इन्सुलिनवरचे पेशंट तर नक्कीच कमी होते. औषधं वाढत गेली, वेळ मात्र तीच राहिली.

१३ तारखेला वैद्यकीय अधीक्षकांकडे बैठक झाली. माझा प्रस्ताव सरळ होता : भेट ४ ते ५.३०, मग बंद. अधीक्षकांना पटलं. अडवलं ते फ्रंट डेस्कवरच्या मुलीने. ती म्हणाली, "मॅडम, आपले निम्मे नातेवाईक मुंबईला कामाला जातात. सीएसएमटीहून सहाची लोकल पकडली तरी स्टेशनवरून रिक्षा करून इथे पोचेपर्यंत सव्वासात होतात. दिवा, कळव्याची माणसं तर त्याहून उशिरा. त्यांनी भेटायचं कधी, फक्त रविवारी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी ७.१५ ते ७.४५ अशी अर्ध्या तासाची दुसरी वेळ ठेवली, एका पेशंटला एकच माणूस. यात आमचाही फायदा होता. तेव्हा जेवणाचा ट्रे समोर असतो, घरचं माणूस जवळ बसून भरवू शकतं. पावणेआठनंतर ताणता येत नव्हतं, कारण ८ ला रात्रपाळी येते आणि हँडओव्हरची तयारी त्याआधी सुरू होते.

मग मेल.

१५ तारखेला दुपारी बसून मी पहिला मसुदा लिहिला आणि मला तो चांगला वाटला. त्याचं पहिलं वाक्य होतं : "वारंवार सूचना देऊनही वॉर्डात नातेवाइकांची गर्दी आटोक्यात ठेवली जात नाही, असे निदर्शनास आले आहे." त्यानंतर नव्या वेळा, मग "कसूर झाल्यास गांभीर्याने दखल घेतली जाईल", आणि शेवटी "सहकार्याची अपेक्षा". माझ्या कपाटातल्या सगळ्या सर्क्युलरचा सूर असाच आहे, माझ्याही हाताला तेच वळण लागलेलं. पाठवण्याआधी मसुदा पुरुषांच्या मेडिकल वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना दाखवला. त्या माझ्याहून वयाने मोठ्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "मॅडम, गर्दी आम्ही आणतो का?"

मी गप्प बसले. पुढे त्या म्हणाल्या, "वेळा बदलताय ते चांगलंच आहे, पण दारात उभी राहून शिव्या मी खाणार. मला पेशंटच्या मुलाला काय सांगायचं, ते यात कुठंच नाही. कसूर काय होईल तेवढं आहे." आणि मसुदा परत देताना, "२० तारखेपासून लिहिलंय. दिवाळीत? भाऊबीजेला भावाला भेटायला आलेल्या बहिणीला कोण परत पाठवणार? मी नाही पाठवणार."

या दोन मिनिटांनी माझा पूर्ण मेल बदलला. सुरुवात ३ नोव्हेंबरवर ढकलली, दिवाळी उलटून गेल्यावरचा सोमवार. आणि दोषाचं वाक्य काढलं. त्यात "निदर्शनास आले आहे" म्हणजे कोणाच्या, "ठेवली जात नाही" म्हणजे कोण ठेवत नाही, हे काहीच नव्हतं, तरी वाचणाऱ्या प्रत्येक सिस्टरला ते आपल्यालाच म्हटलंय असं वाटलं असतं.

आणखी एक परिच्छेद काढला. रुग्णालयांतल्या हिंसेविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, त्याचा बोर्ड आमच्या कॅज्युअल्टीबाहेर लावलेला आहे. वाद घालणाऱ्या नातेवाइकांना तो दाखवावा, असं मी लिहिलं होतं. तो कायदा मारहाण आणि तोडफोडीसाठी आहे. आईला दोन मिनिटं बघू द्या म्हणून आवाज चढवणाऱ्या मुलापुढे तीन वर्षांच्या कैदेचा बोर्ड नाचवला, तर नसलेलं भांडण सुरू होईल.

पुढचा प्रश्न भाषेचा. आमची सर्क्युलर इंग्रजीत निघतात, कारण काही सिस्टर केरळच्या आहेत. त्या मराठी छान बोलतात, वाचताना अडखळतात. पण मावशी आणि वॉर्डबॉयना इंग्रजीचा काय उपयोग? मी मूळ मजकूर मराठीत लिहिला आणि खाली तोच इंग्रजीत दिला. २४ तारखेला, शुक्रवारी सकाळी गेलेला मेल हा असा :

विषय : ३ नोव्हेंबरपासून संध्याकाळची भेट ४ ते ५.३० आणि ७.१५ ते ७.४५

सर्व इन्चार्ज सिस्टर, स्टाफ, मावशी आणि वॉर्डबॉय यांना नमस्कार.

सोमवार, ३ नोव्हेंबरपासून दोन्ही मेडिकल आणि दोन्ही सर्जिकल वॉर्डांत संध्याकाळची भेट ४ ते ५.३० राहील. त्यानंतर ७.१५ ते ७.४५ या वेळेत एका पेशंटजवळ एकच नातेवाईक येऊ शकेल, पेशंटला जेवायला मदत करू शकेल. सकाळी ११ ते १२ ची भेट आहे तशीच. सोबतीच्या पासवर थांबणाऱ्या माणसाला बदल नाही. आयसीयू, प्रसूती आणि मुलांच्या वॉर्डालाही बदल नाही.

कारण असं. ६ ची औषधं, पावणेसातचं इन्सुलिन आणि सव्वासातचं जेवण ही तिन्ही कामं आजवर तुम्हाला गर्दीत करावी लागली. औषध देताना सिस्टरला कोणी थांबवू नये आणि इन्सुलिन घेतलेला पेशंट जेवला की नाही हे दिसावं, यासाठी ५.३० ते ७.१५ वॉर्ड मोकळा हवा. हा बदल आमच्या ऑफिसने आधीच करायला हवा होता.

पेशंट अत्यवस्थ असेल, किंवा नातेवाईक बाहेरगावाहून आला असेल, तर त्या पाळीच्या इन्चार्ज सिस्टर वेळेबाहेर भेट देऊ शकतात. मला विचारायची गरज नाही. रजिस्टरमध्ये खाट नंबर, वेळ आणि कारण एका ओळीत लिहा. तुम्ही दिलेली किंवा नाकारलेली परवानगी मी बदलणार नाही.

ओळखीवर सवलत नाही. चिठ्ठीवर नाही, फोनवर नाही, स्टाफच्या नातेवाइकांना नाही, माझ्याही नाही. असा फोन आला तर तो माझ्याकडे द्या.

कोणी हट्ट धरला तर एवढंच सांगा : "आता औषधांची वेळ आहे, तुमच्याच पेशंटला नीट औषध मिळावं म्हणून थांबायला सांगतेय, सव्वासातला या." त्यापुढे हुज्जत तुम्ही घालायची नाही. सिक्युरिटीला बोलवा, गरज पडली तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना.

१० नोव्हेंबरला चारही इन्चार्ज सिस्टरबरोबर आढावा घेऊ. तोपर्यंत वेळा बदलणार नाहीत. काही अडत असेल तर मला लिहा.

"मी बदलणार नाही" हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. इन्चार्ज सिस्टरने नाही म्हणावं, नातेवाईक वरच्या मजल्यावर ऑफिसला यावा आणि तिथे "जाऊ द्या हो सिस्टर" असा फोन खाली जावा, हे मी स्वतः वॉर्डात असताना अनेकदा सोसलंय. असा एक फोन गेला की त्या वॉर्डात तो नियम संपतो. अधीक्षकांना आधी विचारून, त्यांच्याकडून होकार घेऊनच ते वाक्य ठेवलं. तुम्ही असं लिहिणार असाल तर वरून खरंच पाठिंबा आहे का, ते आधी बघा, नाहीतर लिहूच नका.

मेल पाठवला म्हणजे कळवलं असं होत नाही, हे मला माहीत होतं. वॉर्डाचा मेल एकच, कॉम्प्युटर एकच, आणि तो उघडतात इन्चार्ज सिस्टर. मावशींपर्यंत मेल पोचतच नाही. म्हणून ३० तारखेपासून चार दिवस प्रत्येक हँडओव्हरला मेलमधल्या वेळा, कारण आणि ते एक वाक्य मोठ्याने वाचायचं आणि उपस्थितांनी हँडओव्हरच्या वहीत सही करायची असं ठरवलं. सह्यांवरूनच कळलं की सहा जणांनी अजून ऐकलेलंच नाही, कोणी रजेवर होतं, कोणाचा नाइट ऑफ होता. त्यांना फोन केले.

जुनी वेळ कुठे कुठे लिहिलेली आहे, ते शोधायलाच दोन दिवस गेले. गेटवरचा बोर्ड, लिफ्टशेजारचा, चार वॉर्डांच्या दारावरचे, भरतीच्या फॉर्मची मागची बाजू, भेटीच्या पासची मागची बाजू, टेलिफोनवरची रेकॉर्डिंग, वेबसाइट. सहा सनबोर्ड नवे केले, दोन बाय तीन फुटांचे, एकूण २१०० रुपये. पास नवे छापायचे तर जास्त खर्च आणि दहा दिवस, म्हणून मागच्या वेळेवर चिकटवायचे स्टिकर करून घेतले, ९०० रुपये. ते चिकटवायला दोन मावशी आणि मी शनिवारी दुपारी बसलो होतो. एवढाच काय तो खर्च.

३ नोव्हेंबर. संध्याकाळी पावणेसहालाच माझी चूक कळली.

मेलमध्ये मी "भेट ४ ते ५.३०" लिहिलं होतं. ५.३० पर्यंत म्हणजे काय? गेटवरच्या सिक्युरिटीने त्याचा अर्थ घेतला ५.३० पर्यंत आत सोडायचं. वॉर्डातल्या सिस्टरनी घेतला, ५.३० ला वॉर्ड रिकामा. खालून लिफ्टची रांग, मग जिना, मग वॉर्ड, म्हणजे ५.२५ ला आत सोडलेला माणूस ५.३५ ला खाटेशी पोचला आणि लगेच त्याला बाहेर जायला सांगितलं. एक गृहस्थ भयंकर चिडले. बरोबरच होतं त्यांचं. तशात दुसरे एक जण मोबाइलवर फोटो दाखवत होते : कँटीनच्या भिंतीवर ऑइल पेंटने "भेटीची वेळ सायं. ४ ते ७". ती भिंत मी रोज चहा पिताना बघते, बोर्ड शोधताना मात्र ती माझ्या डोळ्यांना दिसलीच नव्हती.

त्या रात्रीच दुरुस्तीचा मेल लिहिला. त्याच मेलला उत्तर म्हणून, विषयाच्या आधी "दुरुस्ती" असा शब्द टाकून : शेवटचा प्रवेश गेटवर ५.१०, वॉर्डात घंटा ५.२५, वॉर्ड मोकळा ५.३०. संध्याकाळच्या दुसऱ्या वेळेसाठी शेवटचा प्रवेश ७.३०, घंटा ७.४०. "पहिल्या मेलमध्ये हे मी स्पष्ट लिहिलं नव्हतं, त्यामुळे आज गेटवर आणि वॉर्डात तुम्हाला जे ऐकून घ्यावं लागलं त्याबद्दल दिलगीर आहे," असं एक वाक्य जोडलं. सकाळी जाऊन सूचनाफलकांवरचे आधीचे प्रिंट स्वतः काढले. दोन कागद शेजारी शेजारी राहिले तर माणूस आपल्या सोयीचा वाचतो.

दुसऱ्या दिवशी फिमेल सर्जिकलमधून एका सिस्टरचं उत्तर आलं, आणि तेही सगळ्यांना : "सिक्युरिटी वरच्या मजल्यावर कधीच येत नाही, बोलावून वीस मिनिटं लागतात." सिक्युरिटीचे सुपरवायझरही त्या मेलवर होते. सगळ्यांसमोर उत्तर द्यायचा मोह झाला, पण आधी खाली जाऊन सुपरवायझरशी बोलले. संध्याकाळी दोनच माणसं होती, एक गेटवर, एक पार्किंगला. पार्किंगवरचा माणूस ५.२० ते ५.४५ वर पाठवायचं ठरलं. मग सगळ्यांना दोन ओळींचं उत्तर पाठवलं : तक्रार बरोबर आहे, असं असं ठरलं आहे.

तिसऱ्या दिवशी मात्र वेगळी परीक्षा झाली. माझे दीर त्यांच्या मित्राला बघायला सहाला आले आणि खालून मला फोन, "वहिनी, जरा सांग ना यांना." मी म्हटलं, सव्वासातला या. ते चहा प्यायला कँटीनमध्ये गेले आणि भिंतीवरची जुनी वेळ वाचून पुन्हा फोन केला. घरी गेल्यावर यावरून जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

१० तारखेच्या आढाव्याला रजिस्टर उघडलं. आठवड्यात वेळेबाहेर दिलेल्या भेटी अकरा. त्यातल्या सात रास्त : एक अत्यवस्थ आजी, तिघं सोलापूर-जळगावकडून आलेले, बदलापूरहून गाडी चुकलेली एक बाई आणि असेच आणखी दोघं. उरलेल्या चार भेटी एकाच खाटेच्या, चार दिवस, चार वेगळी नावं, कारण चारही वेळा "बाहेरगावाहून". त्या पेशंटचं घर ठाण्यातच, वर्तकनगरला. इन्चार्ज सिस्टर हसत म्हणाल्या, "मोठं कुटुंब आहे मॅडम, रोज एक जण गावाहून येतो." परवानगी मी बदलणार नाही असं लिहून दिलं होतं, त्यामुळे झालेल्याबद्दल काही बोलले नाही. रजिस्टरला "कुठून आले" असा एक रकाना वाढवला. पुढच्या आठवड्यात त्या खाटेची नोंद नव्हती.

१२ तारखेला पुन्हा वही घेऊन त्याच कोपऱ्यात बसले. ६ च्या ट्रॉलीच्या वेळी सिस्टरला पाच वेळा थांबवलं गेलं, पाचही वेळा सोबतीला थांबलेल्या माणसांनी. त्यांना बाहेर काढता येणार नाही, काढूही नये. घरच्या डब्याचा प्रश्नही सुटलेला नाही. दुसरी वेळ सव्वासातची असल्यामुळे डबा आता ट्रेबरोबर येतो, पण ट्रॅफिक आमच्या मेलमुळे हलत नाही. त्यासाठी इन्सुलिन देण्याआधी "जेवण समोर आहे का?" हे विचारून मगच सुई, असं मेडिकल वॉर्डांनी आपापसांत ठरवलं. ते माझ्या मेलमध्ये नव्हतं.

कँटीनच्या भिंतीला १५ तारखेला पेंटर आला. एक हात मारून गेला. वाळल्यावर पांढऱ्यातून "४ ते ७" अजून वाचता येतंय, दुसरा हात मारायला सोमवारी येतो म्हणालाय.